नफा कमी पडला तर भांडवलावरचं व्याज कुणाला किती मिळतं?

१ एप्रिल २०२५ पासून भागीदारी संस्थांच्या डोक्यावर एक नवं काम आलं. भागीदाराला दिलेला पगार, बोनस, कमिशन आणि व्याज मिळून वर्षाला वीस हजारांच्या वर गेलं, की संस्थेनं त्यातून दहा टक्के टीडीएस कापायचा. आयकर कायद्यात त्यासाठी कलम १९४-टी घालण्यात आलं. तोवर अनेक छोट्या संस्थांत भांडवलावरचं व्याज म्हणजे वर्षाच्या शेवटी वहीत टाकायची एक नोंद, एवढाच त्याचा अर्थ होता. आता त्या आकड्यावर कर कापून भरायचा आहे, त्यामुळे तो आकडा आला कुठून हे विचारलं जाऊ लागलं आहे.

नफा भरपूर असेल तर उत्तर सोपं आहे. करारनाम्यात दहा टक्के लिहिलं असेल तर दहा टक्के द्यायचं आणि उरलेला नफा ठरलेल्या हिश्श्यानं वाटायचा. गोंधळ होतो तो नफा व्याजाएवढाही नसतो तेव्हा. एक जण म्हणतो, व्याज पूर्ण द्या आणि पडेल तो तोटा वाटून घेऊ. दुसरा म्हणतो, आहे तेवढा नफाच निम्मा निम्मा करू. दोघेही प्रामाणिकपणे बोलत असतात, आणि करारनाम्यात याबद्दल एक शब्दही नसेल तर दोघेही चुकलेले असतात.

## आधी दोन खाती वेगळी करू

भागीदारी संस्थेत वर्षाच्या शेवटी नफ्याचा हिशेब दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात नफा किती झाला ते ठरतं. तो नफा-तोटा खात्यात दिसतो. भाडं, वीजबिल, नोकरांचे पगार, बँकेचं व्याज हे सगळं तिथे वजा होतं. दुसऱ्या टप्प्यात तो नफा भागीदारांत कसा गेला ते दाखवायचं असतं. त्यासाठी नफा-तोटा विनियोजन खातं असतं. विनियोजन म्हणजे झालेल्या नफ्याचं वाटप, म्हणून पुढे मी त्याला वाटपाचं खातं म्हणेन.

कुठली रक्कम पहिल्या खात्यात जाते आणि कुठली दुसऱ्या, यावर सगळं अवलंबून आहे. पहिल्या खात्यातली रक्कम नफ्यावरचा भार असते. नफा होवो वा तोटा, ती द्यावीच लागते. दुसऱ्या खात्यातली रक्कम नफ्यातून दिली जाते, त्यामुळे नफा असेल तरच आणि असेल तेवढीच.

भांडवलावरचं व्याज कुठल्या बाजूला बसतं? भारतीय भागीदारी कायदा, १९३२ याच्या कलम १३ मध्ये हे स्पष्ट आहे. करारानुसार भागीदाराला भांडवलावर व्याज मिळायचं असेल, तर ते फक्त नफ्यातूनच द्यायचं. म्हणजे ते वाटपाच्या खात्यात बसतं. आणि करारात व्याजाचा उल्लेखच नसेल, तर भांडवलावर व्याज मिळतच नाही, मग भांडवल कितीही मोठं असो. मात्र हे कलम सुरूच होतं ते भागीदारांमधल्या कराराला अधीन राहून. भागीदारांनी वेगळं ठरवलं असेल तर त्यांचा करार आधी, कायदा नंतर. ही मुभा पुढे फार महत्त्वाची ठरते.

## एक उदाहरण घेऊन बसू

दोन बहिणींची भागीदारी आहे असं धरा. थोरलीचं भांडवल आठ लाख, धाकटीचं चार लाख. नफा-तोटा दोघींत समान. करारनाम्यात भांडवलावर द. सा. द. शे. १० व्याज द्यावं असं आहे, आणि उचलीवर द. सा. द. शे. १२ व्याज घ्यावं असंही आहे. व्याज नफ्यावरचा भार मानायचं की नाही, याबद्दल करारनामा गप्प आहे. बहुतेक करारनामे इथे गप्पच असतात.

याशिवाय धाकटीनं वर्षाच्या पहिल्या दिवशी संस्थेला एक लाख रुपये कर्जाऊ दिले आहेत. त्याचा व्याजदर कुणी ठरवलेला नाही.

वर्षअखेर हिशेब लागला. कर्जावरचं व्याज धरण्याआधी नफा निघाला ८५,५०० रुपये.

पहिलं पाऊल कर्जाचं. भागीदारानं ठरलेल्या भांडवलापलीकडे व्यवसायासाठी पैसे दिले असतील आणि दर ठरला नसेल, तर कलम १३ वर्षाला सहा टक्के व्याज देतं. लाखावर सहा हजार. धाकटी भागीदार असली तरी या एका लाखापुरती ती संस्थेची सावकार आहे, म्हणून हे व्याज पहिल्याच खात्यात वजा होतं. तोटा झाला असता तरी ते द्यावंच लागलं असतं. ८५,५०० मधून ६,००० गेले, निव्वळ नफा राहिला ७९,५०० रुपये. वाटपाच्या खात्यात हाच आकडा उतरतो.

भांडवलावरचं व्याज काढायला वेळ लागत नाही. थोरलीचे ८०,०००, धाकटीचे ४०,०००, मिळून १,२०,०००. हे वर्षाच्या सुरुवातीच्या भांडवलावर काढायचं असतं. मध्येच कुणी आणखी भांडवल घातलं किंवा भांडवलच काढून नेलं, तर त्या रकमेपुरते महिने मोजायचे. आमच्या दोघी बहिणींनी तसं काही केलेलं नाही.

मागणी १,२०,००० ची आणि नफा ७९,५०० चा. पण वाटपाला लागण्याआधी आणखी एक आकडा यायचा आहे.

## उचलीवरचं व्याज किती महिन्यांचं?

भागीदारानं घरखर्चासाठी संस्थेतून काढलेले पैसे म्हणजे उचल. त्यावर व्याज लावायचं ते करारात असेल तरच. करार नसेल तर कायदा उचलीवर व्याज लावत नाही. आपल्या उदाहरणात करार आहे.

थोरली दर महिन्याच्या पहिल्या दिवशी ५,००० रुपये काढते. धाकटी दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी १०,००० काढते. वर्षभरात थोरलीची उचल ६०,००० झाली, धाकटीची १,२०,०००. पण या सगळ्या रकमेवर बारा महिन्यांचं व्याज लावणं अन्यायाचं होईल, कारण सगळे पैसे पहिल्या दिवशी बाहेर गेलेले नाहीत.

थोरलीचा पहिला हप्ता बारा महिने बाहेर राहिला, दुसरा अकरा, असं करत शेवटचा एक महिना. बारा आणि एक यांची सरासरी साडेसहा. म्हणून तिच्या ६०,००० वर साडेसहा महिन्यांचं व्याज लागतं, ते होतं ३,९०० रुपये. धाकटीचा पहिला हप्ता महिनाअखेर गेला, म्हणजे तो अकरा महिने बाहेर राहिला. शेवटचा हप्ता वर्षाच्या अखेरच्या दिवशी गेला, त्याला शून्य महिने. सरासरी साडेपाच. तिच्या १,२०,००० वर साडेपाच महिन्यांचं व्याज ६,६०० रुपये.

ही सरासरी चालते ती रक्कम सारखी आणि अंतर सारखं असेल तरच. एखाद्या महिन्यात दुप्पट काढले, दोन महिने काहीच काढले नाहीत, तर प्रत्येक उचलीला तिचे महिने लावून वेगळा गुणाकार करावा लागतो आणि मग बेरीज. छोट्या संस्थांत उचल बहुधा अशीच वेडीवाकडी असते. म्हणून उचलीची तारीख वहीत नीट असणं गरजेचं आहे. वर्षाअखेर एकच ठोक रक्कम ‘उचल’ म्हणून टाकली की व्याज काढायला आधारच उरत नाही.

दोघींचं मिळून १०,५०० रुपये उचलीवरचं व्याज झालं. हे भागीदार संस्थेला देतात, म्हणून वाटपाच्या खात्यात ते जमेच्या बाजूला, नफ्याच्या खाली बसतं. ७९,५०० अधिक १०,५००, म्हणजे वाटायला उपलब्ध रक्कम झाली बरोबर ९०,०००.

## आता नव्वद हजार कसे वाटायचे?

टँकर आला आहे असं समजा. एकीला आठ हंडे पाणी द्यायचं कबूल झालं आहे, दुसरीला चार. प्रत्यक्षात टँकरमध्ये नऊच हंडे आहेत. प्रत्येकीला तिच्या कबूल हंड्यांच्या तीन चतुर्थांश द्यायचे, एकीला सहा आणि दुसरीला तीन. कुणालाच पूर्ण नाही, पण तूट दोघींनी आपापल्या मागणीच्या प्रमाणात सोसली.

भांडवलावरच्या व्याजाचंही हेच. थोरलीचं येणं ८०,०००, धाकटीचं ४०,०००, प्रमाण दोनास एक. ९०,००० त्याच प्रमाणात वाटले की थोरलीला ६०,००० आणि धाकटीला ३०,०००. नफा वाटून घ्यायला काही उरत नाही, आणि तोटाही पडत नाही. खातं असं दिसेल:

| नावे | रुपये | जमा | रुपये |
|---|---|---|---|
| भांडवलावरील व्याज, थोरली | ६०,००० | निव्वळ नफा | ७९,५०० |
| भांडवलावरील व्याज, धाकटी | ३०,००० | उचलीवरील व्याज, थोरली | ३,९०० |
| | | उचलीवरील व्याज, धाकटी | ६,६०० |
| एकूण | ९०,००० | एकूण | ९०,००० |

हे आकडे पुढे दोघींच्या चालू खात्यात जातात. भांडवल खातं स्थिर ठेवलं असेल तर चालू खातं वेगळं असतं. नसेल तर थेट भांडवल खात्यातच नोंद होते. थोरलीच्या खात्यात ६०,००० जमा आणि ३,९०० नावे, म्हणजे निव्वळ ५६,१००. धाकटीच्या खात्यात ३०,००० जमा आणि ६,६०० नावे, निव्वळ २३,४००. या दोन्हींची बेरीज ७९,५००, म्हणजे निव्वळ नफ्याएवढीच. ही ताळ्याची कसोटी दर वेळी लावावी. बेरीज निव्वळ नफ्याशी जुळली नाही, तर वाटपात कुठेतरी चूक आहे हे नक्की.

प्रमाण मात्र पूर्ण येण्याचं, म्हणजे ८०,००० आणि ४०,००० चं घ्यायचं. काही जण आधी प्रत्येकीच्या भांडवलावरच्या व्याजातून तिचं उचलीवरचं व्याज वजा करतात आणि उरलेल्या आकड्यांच्या प्रमाणात नफा वाटतात. दिसायला सुटसुटीत वाटतं. पण तसं केलं तर इथे थोरलीचे सुमारे ८५० रुपये उगाच धाकटीकडे सरकतात, आणि बेरीज तरीही ७९,५०० च येते, त्यामुळे वरच्या कसोटीत ही चूक सापडतही नाही. उचलीवरचं व्याज हे भागीदारानं संस्थेला द्यायचं पूर्ण देणं आहे. त्यात तुटीची सवलत नाही, म्हणून ते आधी पूर्ण जमा करायचं आणि मगच वाटायला बसायचं.

## पण नफ्याचं प्रमाण तर समान आहे, मग निम्मं निम्मं का नाही?

कारण वाटली जाते आहे ती उरलेल्या नफ्याची रक्कम नाही, व्याजाची आहे. समान वाटणीचा करार लागू होतो तो व्याज वगैरे देऊन जे शिल्लक राहील त्याला. इथे शिल्लक काहीच नाही. ४५,००० आणि ४५,००० असे केले तर धाकटीला तिच्या पूर्ण येण्यापेक्षाही पाच हजार जास्त मिळतील, आणि थोरलीला अर्ध्याच्या थोडं वर. भांडवल दुप्पट घालणाऱ्या भागीदाराला हे पटवून देता येणार नाही.

## पूर्ण व्याज लिहून तोटा वाटला तर काय बिघडलं?

ही चूक सगळ्यांत जास्त दिसते, कारण ती करताना हात अडत नाही. १,२०,००० व्याज नावे टाकलं, उपलब्ध ९०,००० होते, तीस हजारांची खोट आली, ती दोघींत पंधरा पंधरा हजार टाकली. खातं जुळतं. थोरलीचे झाले ६५,००० आणि धाकटीचे २५,०००.

टँकरकडे परत या. नऊ हंड्यांतून बारा हंडे वाटल्याचं लिहायचं आणि नसलेले तीन हंडे दोघींकडून दीड दीड करून परत मागायचे. थोरलीकडे साडेसहा उरतात, धाकटीकडे अडीच. संस्थेला नफा झाला असताना वाटपाच्या खात्यात तोटा उभा राहिला, आणि व्याज नफ्यातून देण्याऐवजी त्याचा काही भाग धाकटीच्या खिशातून गेला. कायदा नेमकं हेच टाळतो.

रक्कम पाच हजारांचीच आहे, म्हणून याकडे दुर्लक्ष होऊ शकतं. नफा आणखी घटला की मात्र फरक डोळ्यांत भरतो. समजा एखाद्या वर्षी नफाही नाही, तोटाही नाही आणि उचलही नाही. पूर्ण व्याज लिहिलं तर १,२०,००० ची खोट येईल, दोघींना साठ साठ हजार. थोरलीच्या खात्यात ८०,००० जमा आणि ६०,००० नावे, तिला २०,००० मिळाले. धाकटीच्या खात्यात ४०,००० जमा आणि ६०,००० नावे, तिचे २०,००० गेले. संस्थेनं एक रुपया कमावला नाही आणि धाकटीनं आपल्या भांडवलातून थोरलीला वीस हजार दिले.

हे सगळं घडतं कारण दोघींचं भांडवलाचं प्रमाण आणि नफ्याचं प्रमाण वेगळं आहे. नफाही दोनास एक असा ठरलेला असता, तर कोणत्याही पद्धतीनं साठ आणि तीस हजारच आले असते. म्हणून जिथे भांडवल एकाचं जास्त आणि हिस्सा समान, तिथे या नियमाकडे विशेष लक्ष द्यायला हवं. कुटुंबातल्या भागीदाऱ्यांत ही स्थिती फार आढळते: एकाचे पैसे, दुसऱ्याचे कष्ट, नफा समान.

## करारातच ‘तोटा झाला तरी व्याज द्यावं’ असं असेल तर?

मग तो करार चालतो. कलम १३ कराराला अधीन आहे हे मघाशी पाहिलं, ते इथे कामाला येतं. व्याज हा नफ्यावरचा भार आहे असं करारनाम्यात स्पष्ट लिहिलं असेल, तर १,२०,००० पहिल्याच खात्यात, कर्जाच्या व्याजाशेजारी वजा होतात. नफा-तोटा खातं ४०,५०० तोटा दाखवतं, वाटपाच्या खात्यात उचलीचे १०,५०० त्यात भरले जातात, आणि उरलेला तीस हजारांचा तोटा समान वाटला जातो. थोरलीला ६५,०००, धाकटीला २५,०००. म्हणजे वर जी चूक म्हटली तेच आकडे इथे बरोबर ठरतात, कारण दोघींनी ते जाणून स्वीकारलं आहे.

माझ्या मते कमी भांडवल घालणाऱ्या भागीदारानं असं कलम सही करण्याआधी दोनदा वाचावं. नफ्याच्या वर्षांत त्याचा काही परिणाम जाणवत नाही. उपलब्ध नफा १,२०,००० च्या वर असला की दोन्ही पद्धतींचं उत्तर तंतोतंत एकच येतं. परिणाम दिसतो तो वाईट वर्षात, आणि तेव्हा वाद घालायला उशीर झालेला असतो.

## भागीदाराला पगारही ठरला असेल तर आधी कोण?

धाकटी दिवसभर काम पाहते, म्हणून करारात तिला वर्षाला ६०,००० पगार लिहिला आहे असं धरा. नोकराचा पगार पहिल्या खात्यात जातो, पण भागीदाराचा पगार, वेगळं ठरलेलं नसेल तर, वाटपाच्या खात्यात येतो. मग येणी तीन झाली: थोरलीचं व्याज ८०,०००, धाकटीचं व्याज ४०,००० आणि तिचा पगार ६०,०००. एकूण १,८०,०००, हातात ९०,०००. प्रत्येक येण्याचं निम्मं द्यायचं. थोरलीला ४०,०००. धाकटीला व्याजाचे २०,००० आणि पगाराचे ३०,०००, मिळून ५०,०००.

आधी व्याज पूर्ण, मग उरलं तर पगार, असा काही नियम नाही. करारानं क्रम लावून दिला असेल तर तो पाळायचा, नाहीतर सगळी येणी एकाच रांगेत. कायदा फक्त ‘नफ्यातून’ एवढंच म्हणतो. येण्यांच्या प्रमाणात वाटायचं ही हिशेबशास्त्रातली रूढ रीत आहे, आणि बारावीच्या बुककीपिंगपासून पुढे सगळीकडे तीच शिकवली जाते.

## तोटाच झाला तर? आणि राहिलेलं व्याज पुढच्या वर्षी?

पगाराचं उदाहरण बाजूला ठेवून मूळ करारावर येऊ. समजा निव्वळ नफ्याऐवजी वीस हजारांचा निव्वळ तोटा आहे. भांडवलावरचं व्याज कुणालाच नाही. उचलीवरचं व्याज मात्र करारानुसार घ्यायचंच. त्यानं तोटा १०,५०० नं कमी होऊन ९,५०० उरतो आणि तो समान वाटला जातो, ४,७५० प्रत्येकी. ‘मला व्याज मिळत नाही तर मी का देऊ’ असं वाटणं स्वाभाविक आहे, पण ही दोन व्याजं एकमेकांची फेड नाहीत. एक नफ्यातला वाटा आहे, दुसरं काढलेल्या पैशाचं भाडं.

आणि थोरलीचे राहिलेले वीस हजार, धाकटीचे दहा हजार? ते पुढच्या वर्षाच्या नफ्यातून आपोआप मागता येत नाहीत. पुढच्या वर्षाचा नफा त्या वर्षाच्या येण्यांसाठी आहे. राहिलेलं व्याज पुढे ओढायचं असेल तर तसं करारात हवं. म्हणूनच ते ‘देय व्याज’ म्हणून ताळेबंदातही दाखवायचं नसतं.

## टीडीएसशी याचा संबंध काय?

सरळ आहे. टीडीएस कापायचा तो भागीदाराच्या खात्यात रक्कम जमा करताना किंवा प्रत्यक्ष देताना, जे आधी घडेल तेव्हा. थोरलीच्या खात्यात व्याज ६०,००० जमा झालं तर कर ६,०००. वहीत ८०,००० लिहून खाली तोटा टाकला तर कर ८,०००. ज्या रकमेवर तिचा हक्कच नव्हता त्यावरही कर कापला गेला, आणि तिच्या विवरणपत्रात व्याजाचं उत्पन्नही जास्त दिसलं. तोट्याच्या नोंदीनं तो आकडा मागे येत नाही. नफ्याच्या हिश्श्यावर मात्र टीडीएस नसतो, म्हणून व्याज आणि नफ्याचा हिस्सा ही दोन नावं एकमेकांच्या जागी वापरून चालत नाही.

आयकराचा हिशेब हा या वाटपाच्या हिशेबाहून वेगळा असतो, हेही लक्षात ठेवावं. संस्थेला भागीदारांच्या व्याजाची वजावट मिळते, पण करारनाम्यात तरतूद असेल तरच आणि वर्षाला १२ टक्के सरळव्याजापर्यंतच.

## मागच्या वर्षी चुकीचं वाटप झालं असेल तर

जुनी वही उघडून आकडे खोडायचे नाहीत. जे झालं आणि जे व्हायला हवं होतं, त्यातला फरक काढायचा. आपल्या बहिणींच्या वहीत ६५,००० आणि २५,००० पडले होते, हवे होते ६०,००० आणि ३०,०००. चालू वर्षात एकच दुरुस्तीची नोंद पुरते: थोरलीचं चालू खातं नावे ५,०००, धाकटीचं चालू खातं जमा ५,०००. खुलाशात कोणत्या वर्षाच्या व्याजाची दुरुस्ती आहे ते लिहायचं. त्या वर्षी टीडीएस चुकीच्या रकमेवर भरला गेला असेल, तर तेवढं प्रकरण करसल्लागाराकडे न्यावं लागेल. वहीतली नोंद ते आपोआप सोडवत नाही.

## करारनाम्यात कोणत्या ओळी असाव्यात

नवा करारनामा करताना किंवा जुन्यात दुरुस्ती करताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. भांडवलावरचं व्याज फक्त नफ्यातून द्यायचं की तो नफ्यावरचा भार आहे. नफा अपुरा पडला तर व्याज आणि पगार एकाच प्रमाणात कमी होतील, की एकाला दुसऱ्यावर अग्रक्रम आहे. आणि राहिलेली रक्कम पुढच्या वर्षी मिळेल की बुडेल. थोरली-धाकटीच्या बाबतीत एवढी ओळ पुरली असती: ‘भांडवलावरील व्याज केवळ नफ्यातून देय राहील, नफा अपुरा असल्यास तो उचलीवरील व्याजासह देय व्याजाच्या प्रमाणात वाटला जाईल, आणि न मिळालेले व्याज पुढील वर्षी मागता येणार नाही.’